रस्ता होईपर्यंत दुकान टिकू द्या

रस्त्याच्या कडेने पत्रे उभे राहिले की पहिल्या आठवड्यात आपण सगळेच म्हणतो, काम होतंय ते बरंच झालं. दुसऱ्या आठवड्यात वळसा घालायला लागतो. तिसऱ्या आठवड्यात भाजी, वही, ब्लाउजपीस, चप्पल हे सगळं दुसऱ्या रस्त्यावरून आणायची सवय लागते. रस्ता पुढे होतो, पण सवय राहते. आणि पत्र्याआडच्या पाच-सहा दुकानांपैकी दोन-तीन शटरं कायमची खाली येतात.

मुंबईत हे आता गल्लोगल्ली चाललंय. महापालिकेने दोन टप्प्यांत मिळून सुमारे 700 किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करायला घेतले. कामाला कुणाचा विरोध नाही, दुकानदाराचा तर मुळीच नाही. खड्ड्यात साचलेल्या पाण्यातून गिऱ्हाईक कसं येत होतं हे त्याच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. पण या कामाचं वेळापत्रक एकदा नीट बघा. पावसाळ्यात खोदता येत नाही, म्हणून कामं साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होतात आणि 31 मेच्या आत आटोपायची धावपळ असते. नेमकी दिवाळी, लग्नसराई, पाडवा आणि अक्षय्य तृतीया त्यात येते. कापड, तयार कपडे, भांडी, सराफी, पूजासाहित्य अशा दुकानांची वर्षाची कमाई ज्या महिन्यांत होते, तेच महिने पत्र्याआड जातात. वर्षातून आठ महिने काम चालतं, म्हणजे चार महिने धंदा शिल्लक राहतो, हा हिशेब म्हणूनच फसवा आहे. ते चार महिने पावसाचे असतात.

काम लांबतं तेही का, हे समजून घेऊ. रस्ता म्हणजे वरचा थर नव्हे. आधी खोदाई. मग खालच्या पाण्याच्या आणि मलनिःसारणाच्या वाहिन्या, विजेच्या केबल, गॅसचे पाइप हलवणं किंवा बदलणं. मग खडीचा पाया, त्यावर कोरड्या मिश्रणाचा पातळ काँक्रीट थर आणि शेवटी वाहनांचा भार घेणारा जाड थर. त्यावर पाणी साठवून तो पिकवायचा. काँक्रीटचं पूर्ण बळ साधारण 28 दिवसांनी धरलं जातं. वाहतूक पूर्ण बंद पडू नये म्हणून हे सगळं बहुधा आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. खाली नकाशात नसलेली एखादी जुनी केबल निघाली की पुन्हा थांबणं. त्यामुळे ‘तीन महिन्यांत होईल’ हे वाक्य ऐकून भाड्याचा हिशेब मांडू नका. ते सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं.

यात कोण मोडतं? पागडीचा जुना भाडेकरू तसा तग धरतो, कारण त्याचं भाडं थोडं असतं. मोडतो तो बाजारभावाने, लिव्ह अँड लायसन्सवर गाळा घेतलेला. त्याचं भाडं दर महिन्याच्या 5 तारखेला जातंच, आणि बऱ्याचदा मालकाकडे वर्षभराचे पुढच्या तारखांचे चेक दिलेले असतात. आपल्या रस्त्यावर नवी, तरुण, काही वेगळं करू पाहणारी जी दुकानं आली, ती बहुतेक याच वर्गातली. आपण वाचवायची ती आधी ही.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी मांडलेत, पण अशा दुकानाच्या घडणीला धरून आहेत. तयार कपड्यांचं एक छोटं दुकान. महिन्याची विक्री सरासरी 4,00,000 रुपये. त्यावर 30 टक्के, म्हणजे 1,20,000 रुपये सुटतात. त्यातून भाडं 48,000, दोन कामगारांचा पगार 32,000, वीज आणि किरकोळ खर्च 10,000. उरले 30,000. त्यावर घर चालतं.

आता पत्रे लागले आणि विक्री 40 टक्क्यांनी घसरली. विक्री 2,40,000, त्यातून सुटले 72,000. खर्च मात्र तेवढाच, 90,000. म्हणजे घरी एक रुपया न नेता दर महिन्याला 18,000 रुपयांचं भगदाड. असे सहा महिने काढले की लाखाच्या वर तोटा, शिवाय घरखर्चासाठी काढलेलं कर्ज. दुकान बंद होतं ते याच टप्प्यावर. मालाला मागणी नसते म्हणून ते बंद होत नाही, रोख संपते म्हणून होतं.

याच दुकानाचं भाडं सहा महिने निम्मं झालं, तर 24,000 रुपये वाचतात. 18,000 ची तूट भरून निघते आणि 6,000 हातात राहतात. चैन नाही, पण शटर उघडं राहतं, कामगार टिकतात.

आता हे 24,000 कुणाच्या खिशातून? इथे आपण मालकाकडे बोट दाखवून मोकळं होतो, ते बरोबर नाही. पुष्कळ गाळामालक म्हणजे निवृत्त जोडपी, विधवा बायका किंवा गाळ्यावर कर्जाचे हप्ते फेडणारे नोकरदार आहेत. म्हणून मागणी ‘भाडं माफ करा’ अशी एका शब्दात नको. ती दोन तुकड्यांत हवी. 24,000 पैकी 12,000 सवलत, म्हणजे कायमची सोडलेली रक्कम, आणि 12,000 उशिरा देण्याची मुभा. सहा महिन्यांत मालकाने सोडले 72,000. पुढे ढकललेले 72,000 भाडेकरूने रस्ता पूर्ण झाल्यावर महिना 6,000 प्रमाणे वर्षभरात फेडायचे. तेव्हा विक्री पूर्ववत झाली असेल, तर त्याच्या 30,000 तून 6,000 जाणं झेपतं.

मालकाने दुसरी बाजूही ताडून पाहावी. भाडेकरू निघून गेला, तर खोदलेल्या रस्त्यावरचा गाळा कोण घेणार? चार महिने रिकामा राहिला तर 1,92,000 बुडाले. नव्या भाडेकरूसाठी महिन्याची दलाली द्यावी लागली तर आणखी 48,000. एकूण 2,40,000, आणि नवा माणूस पत्रे बघून भाडं पाडून मागेल ते वेगळंच. समोर पर्याय 72,000 सोडण्याचा. म्हणून म्हणतो, ही दया नाही. दोघांच्या सोयीचा सौदा आहे, फक्त तो कुणीतरी कागदावर मांडायला हवा.

मालकाची घडी अगदीच भाड्यावर असेल तर वेगळी वाट काढा. सोडायची रक्कम कमी करा, उशिरा द्यायची वाढवा. त्या बदल्यात भाडेकरूने कराराची मुदत दोन वर्षांनी वाढवून मालकाला खात्री द्यावी. किंवा दरवर्षीची 5 टक्के वाढ त्या वर्षापुरती सहा महिने पुढे ढकला. अनामत रकमेतून थोडी वळती करून घेणं हाही मार्ग आहे, पण मालकाने ती रक्कम कधीच दुसरीकडे गुंतवलेली असते, त्यामुळे त्याच्या हाती नवा पैसा येत नाही. हे बोलण्याआधी लक्षात ठेवा.

कायदा काय म्हणतो, हेही स्पष्ट असू दे, कारण गैरसमज फार आहेत. ‘गिऱ्हाईक येत नाही, म्हणजे भाडं द्यायला नको’ असं कायद्यात नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 मध्ये आग, पूर, दंगल अशा आपत्तीने जागा नष्ट झाली किंवा कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेपट्टा सोडण्याची मुभा आहे. समोरचा रस्ता खोदल्याने गाळा नष्ट होत नाही. मे 2020 मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, दिल्ली उच्च न्यायालयापुढे खान मार्केटमधल्या एका दुकानाचा प्रश्न आला होता. भाडं स्थगित करायला न्यायालयाने नकार दिला, फक्त भरायला थोडी मुदत वाढवली. दुकानं सक्तीने बंद होती तेव्हा ही स्थिती. पत्र्याआडच्या दुकानाला त्याहून जास्त मिळेल अशी आशा धरू नये.

त्यामुळे एकतर्फी भाडं थांबवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. लिव्ह अँड लायसन्समध्ये तो थेट करारभंग ठरतो. मालकाने बँकेत टाकलेला चेक न वटता परत आला की प्रकरण फौजदारी वळणावर जाऊ शकतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखालचा भाडेकरू असला, तर थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर 90 दिवस मिळतात, पण ते संरक्षण म्हणजे पैसे सोडणं नव्हे.

पण कायदा एक दार उघडं ठेवतो. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 63 प्रमाणे ज्याला येणं आहे तो ते पूर्ण किंवा अंशतः सोडू शकतो, मुदतही वाढवून देऊ शकतो. म्हणजे मालक तयार असेल तर आडकाठी नाही. अडचण वेगळीच आहे. मूळ करार नोंदणीकृत असतो. नोंदणीकृत करारातली अट तोंडी बदलली, असं नंतर सांगितलं तर ते साक्षीपुराव्याच्या कायद्यात सहसा टिकत नाही. ‘राहू दे रे, सहा महिने अर्धं दे’ हे प्रेमाने दिलेलं वचन दोन वर्षांनी, मालकाच्या मुलाच्या हाती कारभार गेल्यावर थकबाकी म्हणून परत येतं. म्हणून पुरवणी करार लिहा आणि मूळ करारासारखाच नोंदवा. शुल्क किती पडेल ते करार करून देणाऱ्याला आधी विचारा. भाड्याचं बिलही कमी रकमेचं आणि सुरुवातीपासून घ्या. पूर्ण रकमेचं बिल फाडलं तर जीएसटीही पूर्ण रकमेवर बसतो. आणि जुने चेक बदलून कमी रकमेचे द्या, जुने परत घ्या. हे बारीक काम वाटतं, पण भांडणं इथेच होतात.

आता मागणी कशी करायची. वेळ महत्त्वाची. भाडं थकल्यावर आलेलं पत्र सबब वाटतं, थकण्याआधी आलेलं पत्र हिशेब वाटतो. पत्रे लागल्यावर पहिला महिना पूर्ण झाला की लगेच पत्र द्या. सोबत पुरावा जोडा: गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांची आणि यंदाची विक्री, जीएसटी विवरणपत्रातली किंवा यूपीआयच्या जमेच्या पानावरची. मागच्या महिन्याशी तुलना नको, दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात पडते, म्हणून दोन महिन्यांची बेरीज घ्या. कामाच्या जागी लावलेल्या फलकाचा फोटो काढा, त्यावर काम सुरू आणि पूर्ण होण्याच्या तारखा असायला हव्यात. फलक नसेल तर विभाग कार्यालयाच्या रस्ते अभियंत्याकडे लेखी मागा. न मिळाल्यास 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहे, उत्तराची मुदत 30 दिवसांची.

आणि स्वतःशी प्रामाणिक राहा. घसरण खरंच रस्त्यामुळे झाली का? फोनवरच्या ऑर्डरी आणि नेहमीचे ग्राहक टिकून असतील, पण चालता चालता आत शिरणारे नवे चेहरे गायब झाले असतील, तर कारण रस्ता आहे. पत्रे लागण्याच्या आधीच महिनोन्महिने विक्री उतरत असेल, तर रस्त्याला दोष देऊन मिळवलेली सवलत दुकान वाचवणार नाही. त्याच रस्त्याच्या न खोदलेल्या टोकाच्या दुकानदाराला विचारा, त्याचंही तेवढंच घसरलंय का. मालकही हेच विचारणार आहे, तेव्हा उत्तर आधीच हाती असू द्या.

पत्र असं लिहिता येईल, आपापल्या ढंगाने बदला:

“काका, नमस्कार. आपल्या गाळ्यासमोर काँक्रीटीकरण सुरू झालं आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबर मिळून विक्री इतकी होती, यंदा त्याच दोन महिन्यांत इतकी झाली. हिशेब सोबत आहे. या महिन्याचं भाडं मी पूर्ण भरलं आहे. पुढच्या महिन्यापासून निम्मं भाडं द्यावं, उरलेल्यातला अर्धा भाग आपण सोडावा आणि अर्धा मी रस्ता पूर्ण झाल्यावर बारा हप्त्यांत फेडावा, अशी विनंती आहे. समोरचे पत्रे निघून दोन्ही बाजूंनी वाहतूक सुरू झाली की पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून भाडं पूर्ववत. काम लांबलं तर 1 मार्चला आपण पुन्हा बसू. दर महिन्याची विक्री मी आपल्याला दाखवत जाईन. रविवारी दहा मिनिटं भेटता आलं तर बरं होईल.”

यात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. सवलत तारखेला न बांधता पत्रे निघण्याला बांधली आहे, कारण एक बाजू झाली की काम संपलं असं होत नाही, झालेली बाजूही वाहिनी टाकायला पुन्हा खोदली जाते. पण मालकाला ती कायमची वाटू नये म्हणून फेरविचाराची तारीखही आहे. आणि विक्री दाखवण्याचं वचन आहे. अर्धा संशय त्याने विरतो.

हे काम भाडेकरूने एकट्याने करू नये. एकट्याचं पत्र गयावया वाटतं. व्यापारी संघटनेने एकाच रस्त्यावरच्या सगळ्यांची घसरण एका कागदावर मांडावी, नावं न टाकता. मालकांची एक बैठक घ्यावी, हॉल गृहनिर्माण सोसायटीचाच मागावा. एका मालकाने होकार दिला की दुसऱ्याला नकार देणं जड जातं, हा अनुभव बाजारात कुणाला नाही? सोसायटीच्या मालकीचे गाळे असतील, तर ठराव सर्वसाधारण सभेत आणा आणि सभासद म्हणून आपणच हात वर करा.

मग राहतो आपण, ग्राहक. भाड्याची सवलत दुकान जिवंत ठेवते, पण दुकान चालवतो आपणच. पत्र्यांच्या मधली चिंचोळी वाट आहे तोवर तिचा उपयोग करा. ती नसेल, फळी डगमगत असेल, कडेने राडारोडा पडला असेल, तर विभाग कार्यालयात तक्रार नोंदवा. एका दुकानदाराची तक्रार बाजूला पडते, चाळीस रहिवाशांची पडत नाही. रस्त्याच्या तोंडाशी ‘आतली सर्व दुकानं चालू आहेत’ असा फलक लावायला कंत्राटदाराला सांगा, नाहीतर संघटनेने स्वतः लावावा. आणि हो, वहीवर लिहून ठेवलेली उधारी याच महिन्यात चुकती करा. पाच-पन्नास घरांची हजार-दोन हजारांची उधारी जमा झाली, तर तेवढ्याने वरच्या हिशेबातली एका महिन्याची तूट निघते. शाळेच्या वह्या, दिवाळीचे कपडे, लग्नाचा रुखवत यांची यादी फोनवर आधी पाठवा, माल काढून ठेवलेला असेल, पत्र्याआड उभं राहायची वेळ येणार नाही.

नूतनीकरणाला आलेल्या प्रत्येक करारात एक अट घालून घेण्याची हीच वेळ आहे: “गाळ्यासमोरील रस्त्याचे शासकीय काम सलग 30 दिवसांहून अधिक चालल्यास आणि लागोपाठच्या दोन महिन्यांची विक्री मागील वर्षाच्या त्याच दोन महिन्यांच्या तुलनेत 30 टक्क्यांहून अधिक घटल्यास, काम पूर्ण होईपर्यंत भाड्यात परस्पर संमतीने ठरलेली सवलत लागू होईल, विक्रीचा तपशील भाडेकरू दरमहा देईल.” सवलतीची टक्केवारी मात्र ‘ठरलेली’ वर न सोडता तिथेच आकड्यात लिहा, नाहीतर अट कागदावर राहील आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. पुढचा ऑक्टोबर यायच्या आत, जून-जुलैच्या निवांत दिवसांत, मालक आणि भाडेकरू एकाच टेबलाशी बसले तर ती टक्केवारी ठरायला दोन चहा पुरतील.